चाकं असलेलं चित्र, चाकं नसलेला निर्णय: डिझाइन प्रवेशाच्या एका पोर्टफोलिओचं प्रकरण

मार्चमध्ये सीडचा, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की माझ्याकडे पोर्टफोलिओ यायला लागतात. त्यातला एक पत्रव्यवहार मी त्या मुलीच्या संमतीने इथे मांडते आहे. ती इचलकरंजी भागातली, मेकॅनिकल इंजिनिअर झालेली. आमची आधीची ओळख नव्हती, माझ्या एका सहकाऱ्याने तिला माझा नंबर दिला होता. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. निरोपांचा मजकूर थोडा छाटला आहे, पण शब्द तिचेच आहेत.

पहिला निरोप असा होता:

"नमस्कार ताई. मी सीड दिली आहे, स्कोअर बरा आला आहे. मुलाखतीसाठी पोर्टफोलिओ तयार केला आहे, सोबत पाठवत आहे. वेळ मिळेल तेव्हा बघून प्लीज प्रामाणिकपणे सांगा कसा वाटला. काही चुकलं असेल तर मोकळेपणाने बोला, मला राग येणार नाही. धन्यवाद ताई."

सोबत ४६ पानांची पीडीएफ.

निरोप नम्र आहे आणि मनापासून लिहिला आहे. तरीही यावर प्रामाणिक उत्तर देता येत नाही. राग येणार नाही, असं आश्वासन ती देते, पण माझी अडचण तिच्या रागाची नव्हतीच. हा पोर्टफोलिओ कोणापुढे उघडला जाणार आहे, कोणत्या अभ्यासक्रमासाठी, तो बदलायला हातात किती दिवस आहेत आणि पानावर दिसतं त्यातलं तिचं स्वतःचं किती, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. अशा वेळी मार्गदर्शक काय करतो? अक्षरं मोठी कर, रंग कमी कर, पानं कमी कर, एवढं सांगतो. ते खोटं नसतं, पण कोणालाही सांगता येईल असं असतं. शेवटी "छान आहे, मेहनत दिसते" लिहिलं की दोघांचंही समाधान होतं आणि पोर्टफोलिओ होता तिथेच राहतो.

म्हणून मी मत दिलं नाही. चार गोष्टी विचारल्या. अर्ज कुठे आणि कोणत्या शाखेसाठी आहे? तुझ्या मते सगळ्यात भक्कम काम कोणतं आणि सगळ्यात कच्चं कोणतं? कोणत्या प्रकल्पात तू आधी घेतलेला निर्णय बदललास, आणि कशामुळे? जे काम अनेकांनी मिळून केलंय, त्यात तुझा हात नेमका कुठे लागला?

तिचं उत्तर येण्याआधी मी आणखी एक गोष्ट करून ठेवली. पीडीएफ लॅपटॉपवर उघडली, घड्याळ लावलं आणि पाच मिनिटांत सगळी पानं पाहिली. मग फाइल बंद करून, या मुलीबद्दल मला काय समजलं ते एका कागदावर लिहिलं. हा क्रम मी नेहमी पाळते. अर्जदाराचं स्पष्टीकरण एकदा वाचलं की पानावर नसलेलं आपल्याला दिसायला लागतं, मग पान किती बोलतं याचा अंदाज घ्यायची संधी निघून जाते.

कागदावर मी लिहिलं होतं: चिकाटी चांगली. पेन्सिलने फोटोवरून चेहरे उत्तम उतरवते. गाड्यांची आवड असावी. थ्रीडी सॉफ्टवेअर येतं. कापड कारखान्यासाठी एक चकचकीत ट्रॉली केली आहे, का ते कळलं नाही. ही इंडस्ट्रियल डिझाइनला जाते आहे की ॲप करायला की चित्रकलेला, ते कळत नाही.

दुसरा निरोप

उत्तर यायला दोन-तीन दिवस लागले. ते असं:

"ताई, तुमचे प्रश्न वाचून वाटलं की हे सगळं पोर्टफोलिओत आहेच. मग उघडून बघितलं, तर नव्हतं.

अर्ज आयआयटी मुंबईतल्या आयडीसीच्या इंडस्ट्रियल डिझाइनसाठी आहे. मुलाखतीला अजून महिनाभर आहे असं धरून चालले आहे. सीडचे गुण आता बदलणार नाहीत आणि नवा प्रकल्प करायला वेळ नाही. आहे त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं आणि काय नीट मांडायचं, एवढंच माझ्या हातात आहे.

भक्कम काम मला कांडी मशीनच्या ट्रॉलीचं वाटतं. माझी आई मागासाठी सुताच्या कांड्या भरते. तिच्या शेडमध्ये मी बरेच दिवस संध्याकाळी जाऊन बसले. रिकामी कांडी घ्यायला आणि भरलेली टाकायला बायका सारख्या जमिनीवरच्या क्रेटकडे वाकतात. क्रेट वर आणायचा, एवढंच डोक्यात होतं. आधी पुठ्ठ्याची आणि मग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी अँगलची, चाकं असलेली ट्रॉली केली. शेडमध्ये नेल्यावर चाकांत सूत गुंडाळलं जाऊन ती अडकायला लागली. दोन मशीनमधल्या वाटेत ती आडवीही येत होती. आईच्या शेजारची मावशी म्हणाली, क्रेट वर आला ते बरं झालं, पण हे इथून हलवणार कोण? तेव्हा लक्षात आलं की हलवायची गरजच नाही. भरलेला क्रेट उचलून मागाकडे नेणारा माणूस वेगळा असतो. मग चाकं काढली आणि मशीनलगत उभं राहणारं साधं स्टँड केलं. ते अजून तिथे आहे. पण पोर्टफोलिओत संगणकावर केलेला रेंडर चाकांच्या ट्रॉलीचाच ठेवला, कारण तो चांगला दिसतो. स्टँड फारच साधं दिसतं.

कच्चं काम ॲपचं. यूट्यूबवर बघून केलं, कोणाशी बोलले नाही. बाहा या गाडी बांधायच्या स्पर्धेच्या चमूत आम्ही पंचवीस जण होतो. माझ्याकडे खर्चाचा अहवाल आणि ब्रेक पेडलचं ड्रॉइंग होतं. पानावर मात्र आख्खी गाडी आहे.

पोर्ट्रेट काढून टाकायला जीव होत नाही. चित्र काढता येतं हे दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

तुम्ही पॅनेलवर असता तर कोणत्या पानावर थांबला असता आणि मला काय विचारलं असतं? आणि ज्या पानामुळे माझ्याबद्दल शंका येते ते पान सांगा. ते काढायची माझी तयारी आहे."

या निरोपावर मला काम करता आलं. त्यातला शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचण्यासारखा आहे. "कसा वाटला" या प्रश्नाला आवडनिवड उत्तर म्हणून येते. "कोणत्या पानावर थांबला असता" या प्रश्नाला एक पान आणि एक कारण द्यावंच लागतं. शिवाय काय बदलू शकतं आणि काय नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं होतं. नवा प्रकल्प कर, एक वर्ष थांब, अशा सल्ल्यांत माझी आणि तिची शक्ती गेली नाही.

पोर्टफोलिओ कुठे उघडला जाणार आहे

सीड ही एम.डिझ.च्या प्रवेशासाठीची परीक्षा आयआयटी मुंबई घेते. तिचा पहिला भाग संगणकावर असतो आणि दुसरा हाताने, कागदावर चित्रं काढून आणि लिहून सोडवायचा असतो. मात्र सीडचे गुण हाती आले म्हणजे प्रवेश झाला असं नाही. प्रत्येक संस्था पुढची निवड स्वतः करते. आयआयटी मुंबईतल्या आयडीसीमध्ये, म्हणजे १९६९ साली सुरू झालेल्या डिझाइन विभागात, निवडलेल्या उमेदवारांची पुढची चाचणी आणि मुलाखत होते. पोर्टफोलिओ त्या मुलाखतीत दाखवायचा. वेळापत्रक आणि नियम त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहायचे.

यावरून पोर्टफोलिओचं काम काय ते ठरतं. परदेशातल्या संस्थेला ऑनलाइन पाठवायच्या पोर्टफोलिओला स्वतःच सगळं सांगावं लागतं, कारण शेजारी अर्जदार नसतो. इथे अर्जदार समोर बसलेली असते आणि तीन-चार अनुभवी प्राध्यापक पानं उलटत प्रश्न विचारतात. म्हणजे प्रत्येक पान हे एका प्रश्नाला दिलेलं आमंत्रण आहे. ज्या पानावरच्या प्रश्नाला धड उत्तर देता येणार नाही, ते पान कितीही देखणं असलं तरी नुकसान करतं. मुलाखतीतली मोजकी मिनिटं त्या पानाने खाल्ली की चांगल्या पानाला वेळ उरत नाही.

हे ध्यानात घेतलं की तिचं ॲपचं काम आणि बाहाची गाडी यांचा निकाल दोन ओळींत लागतो. ॲपची सहा पानं काढून टाकायची. वापरणाऱ्या एकाही माणसाशी बोलली नाहीस हे तू स्वतः लिहिलं आहेस, आणि पॅनेलचा पहिला प्रश्न तोच असेल. गाडीची पाच पानं होती, त्यांचं अर्धं पान करायचं: गाडीचा एक फोटो, त्यावर ब्रेक पेडलभोवती वर्तुळ, शेजारी तिने काढलेलं ड्रॉइंग आणि "पंचवीस जणांच्या चमूत माझं काम: पेडलचं ड्रॉइंग, खर्चाचा अहवाल" ही एक ओळ. खर्चाचा अहवाल सांगायला तिला कमीपणा वाटत होता. मला तो ठेवावासा वाटला, कारण एखादा भाग बनवायला किती पैसे पडतात हे माहीत असणारी अर्जदार मुलाखतीत पाय रोवून बोलू शकते. आख्खी गाडी आपली म्हणून दाखवणारे उमेदवार दरवर्षी असतात. इंजिनिअरिंग कॉलेजांतून येणाऱ्यांच्या पोर्टफोलिओत ही गाडी इतक्या वेळा दिसते की "यात तुमचं काय?" हा प्रश्न तिथे ठरलेलाच समजावा.

एक पान, दोन वस्तू

मी थांबले ते ट्रॉलीच्या पानावर, आणि तिच्याबद्दल शंका आली तीही तिथेच.

माझ्या पाच मिनिटांच्या कागदावर "चकचकीत ट्रॉली, का ते कळलं नाही" असं होतं. तिच्या निरोपात मात्र एक पूर्ण विचार होता: एक वस्तू केली, ती कारखान्यात नेली, ती का चालत नाही ते पाहिलं, आणि मुळात गृहीतच चुकीचं होतं हे ओळखून ते सोडलं. मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं ते या दोन कागदांमधलं अंतर. तिच्या पोर्टफोलिओवर मी जी टीका केली, ती जवळजवळ सगळी या अंतरातून आली. माझ्या आवडीनिवडीचा त्यात फारसा भाग नव्हता.

मी तिला लिहिलं: "पान १९ वर चाकांची ट्रॉली आहे. तुझ्या सांगण्याप्रमाणे ती शेडमध्ये अडकली आणि तू ती सोडून दिलीस. मग पॅनेलने 'ही आता वापरात आहे का?' असं विचारलं तर काय सांगशील? खरं सांगितलंस तर रेंडर खोटा पडतो. रेंडर सांभाळलास तर तुझं सगळ्यात चांगलं काम झाकलं जातं. ही शंका तुझ्या कौशल्याबद्दल नाही. तुला आपल्या कामातलं मोलाचं काय ते ओळखता येतं का, याबद्दल आहे."

पुढे तिला विचारलं की शेडमधलं आणखी काय तिच्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी वहीच्या पानांचे फोटो आले आणि मी चकित झाले. ते नीट समजण्यासाठी काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. साध्या मागावर धोटा आडवं सूत वाहून नेतो, आणि धोट्यात बसते ती कांडी. कांडी मशीनवर कोनावरचं, म्हणजे शंकूच्या आकाराच्या मोठ्या रिळावरचं, सूत कांडीवर गुंडाळलं जातं. बाई उभी राहून भरलेली कांडी काढते, रिकामी बसवते, पुन्हा पुढची. हात एका क्रेटमधून घेतात आणि दुसऱ्यात टाकतात.

क्रेट किती उंचीवर हवा, हे तिने आधी पुस्तकातून काढलं होतं. उभ्याने करायच्या हलक्या हातकामासाठी जागा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावी, असं एर्गोनॉमिक्सची पुस्तकं सांगतात. तिने शेडमधल्या बायकांच्या कोपरांची उंची स्वतः मोजली. ती ९२ ते १०१ सेंटिमीटरच्या दरम्यान भरली. मधला हिशेब करून क्रेटची वरची कड ८५ सेंटिमीटरवर आणली. कागदावर सगळं बरोबर होतं. पण क्रेट ३० सेंटिमीटर खोल. वरच्या कांड्या संपल्या की तळाच्या कांडीसाठी हात ५५ सेंटिमीटरपर्यंत खाली न्यावा लागतो. बायका पुन्हा वाकू लागल्या, आणि आता पोटाला क्रेटची कड लागायला लागली. म्हणजे पुस्तकातली उंची भरलेल्या क्रेटला लागू पडत होती, रिकामा होत जाणाऱ्या क्रेटला नाही.

तिने काय केलं? क्रेटच्या मागच्या बाजूखाली विटेचा तुकडा ठेवून तो बाईकडे कलता केला. कांड्या आपोआप पुढच्या कडेला येऊ लागल्या. मग दोन तुकडे ठेवून पाहिलं, तर उतार जास्त झाला आणि कांड्या पुढे गच्च दाटून सूत एकमेकांत अडकायला लागलं. म्हणून एका तुकड्याचा उतार कायम केला आणि लोखंडी अँगल तेवढा कापून जोडला. हे सगळं वहीत बॉलपेनने, घाईत, क्रेटच्या बाजूच्या आकृतीसह काढलेलं होतं. शेजारी वाकलेल्या पाठीच्या पाच-सहा रेघोट्या, प्रत्येकीखाली क्रेटमध्ये कांड्या किती उरल्या ते लिहिलेलं.

पोर्टफोलिओत यातलं एकही पान नव्हतं. त्या जागी काय होतं? इंटरनेटवरून घेतलेल्या, शेताच्या पार्श्वभूमीवर हसणाऱ्या एका बाईचा फोटो आणि खाली तिचं काल्पनिक वय, शिक्षण, आवडीनिवडी. स्वतःची आई समोर असताना! तिने हे का केलं ते मला समजतं. पोर्टफोलिओ कसा करावा हे शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये असं पान असतंच, त्यामुळे ते नसेल तर आपलं काम अपुरं दिसेल अशी भीती वाटते. पण पॅनेलवरच्या माणसांनी ते पान शेकडो वेळा पाहिलेलं असतं, त्यावर त्यांची नजर ठरत नाही. विटेच्या तुकड्यावर कललेला क्रेट मात्र त्यांनी पाहिलेला नसतो.

पोर्ट्रेटचा प्रश्न याच वहीने सोडवला. नऊ पानं पोर्ट्रेट होती, सगळी फोटोवरून केलेली, छटा अगदी सुरेख. त्यांतून संयम आणि नजर दिसते. पण डोळ्यांसमोरची वस्तू अवकाशात कशी उभी आहे, तिच्या मागे काय असेल, ती उघडली तर कशी दिसेल, हे कागदावर विचार करत शोधणं वेगळं. फोटोत ते प्रश्न आधीच सुटलेले असतात. इंडस्ट्रियल डिझाइनच्या मुलाखतीत असं शोधणारं रेखाटन पाहिलं जातं. मी तिला सांगितलं, की पाठीच्या त्या रेघोट्या तुझ्या नऊ पोर्ट्रेटपेक्षा तुझ्याबद्दल जास्त सांगतात, आणि तुला वाटतं तसं "दुसरं काही नाही" असं नाही. एक पोर्ट्रेट ठेव, आईचं, तेही वहीच्या पानांशेजारी. बाकीची घरी राहू देत. हे तिला जड गेलं. तिने दोन ठेवली. ते तिचं, मी पुन्हा बोलले नाही.

फोटोंबद्दल एक गोष्ट सांगावीच लागली. शेडमधल्या दोन बायकांचे चेहरे स्पष्ट दिसत होते आणि खाली "अशिक्षित कामगार" असं लिहिलं होतं. त्या बायकांना विचारलं होतंस का, फोटो कुठे दाखवणार हे सांगितलं होतंस का? तिने जाऊन विचारलं. एकीने हो म्हटलं, एकीने नको. नको म्हणणारीचा फोटो मानेखाली कापला. "अशिक्षित" हा शब्द काढला, कारण क्रेटच्या उंचीशी त्याचा काही संबंध नव्हता आणि त्या बाईला तो वाचायला मिळाला असता तर वाईट वाटलं असतं.

शब्द कोणाचे

नवा मसुदा आला तेव्हा प्रकल्प आठ पानांचा झाला होता आणि आख्खा पोर्टफोलिओ बावीस पानांचा. चाकांची ट्रॉली आता दुसऱ्या पानावर, लहान, "पहिला प्रयत्न" म्हणून. सूत गुंडाळलेल्या चाकाचा जवळून काढलेला फोटो तिला सापडला, तो मोठा. मोबाइलवर काढलेला, थोडा अंधारा, पण काय झालं ते एका नजरेत सांगणारा.

मजकूर मात्र बिघडला होता. मी निरोपात लिहिलेली वाक्यं तिने जशीच्या तशी पानावर उतरवली होती. "मूळ गृहीतक नाकारून वापराच्या संदर्भातून उपाय पुन्हा मांडला" असं काहीतरी. ते मी काढायला लावलं. मुलाखतीत कोणी विचारलं, की मूळ गृहीतक म्हणजे काय, तर तिला माझं वाक्य आठवत बसावं लागलं असतं. तिच्या दुसऱ्या निरोपात तेच किती स्वच्छ लिहिलं होतं: "हलवायची गरजच नाही. भरलेला क्रेट उचलून मागाकडे नेणारा माणूस वेगळा असतो." ते तसंच पानावर आलं. मार्गदर्शकाने पोर्टफोलिओची भाषा सुधारून द्यावी का, यावर माझं मत पक्कं आहे: शुद्धलेखन तपासावं, वाक्य देऊ नये. टीका सांगताना मी काय दिसलं, त्याने माझा काय समज झाला आणि त्यावर कोणता प्रश्न पडला, एवढ्यावर थांबते. उत्तर तिने शोधलं तर ते तिला मुलाखतीतही सापडेल.

एक प्रश्न मी मुद्दाम कठीण विचारला. रॅपिअर आणि एअरजेट मागांवर आडवं सूत थेट कोनावरून जातं, धोटा नाही, म्हणून कांडीही नाही. असे माग वाढत आहेत. मग जे कामच जाणार त्याच्यासाठी स्टँड कशाला? तिने आधी घाबरून प्रकल्पाची बाजू घेतली, साधे माग अजून खूप आहेत वगैरे. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. दोन दिवसांनी तिने लिहिलं: "आईला अजून काही वर्षं हेच काम करायचं आहे, आणि स्टँडला लागलेला अँगल भंगारातला होता. काम बंद झालं तर स्टँड भंगारात परत जाईल. महाग मशीन केलं असतं तर तुमचा प्रश्न बरोबर होता." हे उत्तर मला पटलं. तिने ते पानावर घातलं नाही, आणि घालूही नये. तो प्रश्न आला तर तिच्याकडे उत्तर आहे.

दोन मार्गदर्शकांची दोन मतं

मुलाखतीच्या आधी तिने हाच मसुदा आणखी एका अनुभवी ग्राफिक डिझायनरला दाखवला. त्यांनी नेमकं उलट सांगितलं. आठ पानं फार होतात, दोन पानांत आटप, एक मोठं सुंदर चित्र लाव. ती गोंधळली आणि मला विचारलं, कोणाचं ऐकू?

हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक अर्जदारावर येतो. मी तिला सांगितलं की त्यांचा उपाय बाजूला ठेव आणि फक्त एक गोष्ट विचार: पानं भराभर उलटावीशी कुठे वाटली? त्यांनी सांगितलं, पान १२ आणि १३. मी माझी टिपणं काढून पाहिली. मीही तिथेच कंटाळले होते, फक्त लिहिलं नव्हतं. ती दोन पानं पाहणीची होती. बारा बायकांच्या उत्तरांचे गोल तक्ते, "६७ टक्के महिलांना पाठदुखी" वगैरे. बारा जणींमध्ये ६७ टक्के म्हणजे आठ बायका. आठ बायका म्हटलं की माणसं दिसतात. ६७ टक्के म्हटलं की मोठ्या पाहणीचा आव येतो, आणि पॅनेलवरचा कोणीही "नमुना किती?" विचारून तो एका वाक्यात उतरवू शकतो. तक्ते गेले, त्या जागी एकच ओळ आली: "बाराजणींशी बोलले, आठजणींनी कंबर दुखते असं सांगितलं." पानं आठाची सहा झाली. दोन्ही मार्गदर्शकांचे उपाय वेगळे होते, पण दुखणारी जागा एकच होती, आणि ती जागा शोधण्यापुरतीच बाहेरच्या नजरेची मदत होते.

शेवटचं पान तिला रेंडरचं हवं होतं, साध्या स्टँडचा नवा रेंडर. मी हरकत घेतली नाही. फक्त रेंडरच्या शेजारी शेडमधल्या खऱ्या स्टँडचा फोटो तेवढ्याच आकारात लाव म्हटलं, म्हणजे काय कल्पनेतलं आणि काय उभं आहे हे विचारावं लागणार नाही.

मुलाखतीला निघण्याआधी तिचा प्रश्न आला: "ताई, स्टँड घेऊन जाऊ का? बाबा म्हणतात एसटीत टपावर टाकू." मी लिहिलं, की स्टँड नको, खोलीत ठेवायला जागा असेल की नाही माहीत नाही. आणि ते शेडमध्ये वापरात आहे, ते तिथून काढू नकोस. पोर्टफोलिओची छापील प्रत ने. ती मूळ वही ने, सुधारून लिहिलेली नको. पिशवीत एक भरलेली आणि एक रिकामी कांडी ठेव, कारण समोरच्या सगळ्यांनी कांडी हातात घेतलेली असेलच असं नाही. उताराबद्दल विचारलं तर वहीतलं विटेचं पान उघड, आणि दोन तुकड्यांचा उतार का सोडला ते आधी सांग.